नाकारलेले दोन पर्याय

"मॅडम, 14 वर्षं क्वांटिटी सर्व्हेइंगमध्ये आहे, पण केस स्टडी लिहायला बसले की 'माझं' असं काही सापडतच नाही. सगळं टीमनं केलेलं. पॅनेलसमोर काय दाखवू?"

ठाण्यातल्या माझ्या केंद्रात ही तक्रार मी सतत ऐकते, आणि ती करणारे बहुतेक जण कामात वाकबगार असतात. ऐरोलीत राहणाऱ्या एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या आरआयसीएस या सर्व्हेयर्सच्या आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संस्थेच्या चार्टर्ड सर्व्हेयर दर्जासाठी तयारी करत होत्या. यासाठी गेल्या दोन वर्षांतल्या एका प्रकल्पावर 3,000 शब्दांची केस स्टडी द्यावी लागते. मग तासाभराची मुलाखत असते. सुरुवातीची 10 मिनिटं आपण केस स्टडी मांडायची, पुढे पॅनेलचे प्रश्न. प्रत्येक कौशल्याच्या तीन पातळ्या असतात: माहिती असणं, ती वापरणं आणि कारणं देऊन सल्ला देणं. माणसं अडकतात ती तिसऱ्या पातळीवर.

ताईंचा मसुदा एका मोठ्या टॉवरचा होता. किती मजले, किती कोटी, आम्ही बिलं तपासली, आम्ही क्लेम निकाली काढला. वाचून त्या इमारतीची माहिती झाली, ताईंची नाही.

"तुम्ही नेमकं काय केलंत?" असं विचारलं की त्या पुन्हा आमच्या टीमकडे वळायच्या. लहानपणापासून 'मी मी करू नये' हेच ऐकत आलेल्या माणसाला हा प्रश्न बढाई मारायला सांगितल्यासारखा वाटतो. म्हणून मी प्रश्नच बदलला.

"बेसमेंटच्या खोदाईचा क्लेम आला, त्या दिवशी तुमच्यासमोर काय काय शक्य होतं?"

त्या सावरून बसल्या. "तीन गोष्टी. कॉन्ट्रॅक्टरनं सगळी खोदाई कठीण खडकाच्या दरानं लावली होती, 6,000 घनमीटर. एक तर मागितलं तेवढं देऊन टाकायचं. नाही तर क्लेम फेटाळायचा, कारण करारात नोटिशीची मुदत 28 दिवसांची होती आणि नोटीस उशिरा आली होती. क्लायंटला फेटाळायचाच होता."

"आणि तिसरी?"

"जॉइंट लेव्हल्स, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून घेतलेल्या पातळ्यांच्या नोंदी, काढून खडक खरंच किती होता ते मोजायचं. खडक लागला तेव्हाच्या लेव्हल्सवर आमच्याच साइट इंजिनिअरच्या सह्या होत्या. उद्या लवादात 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता आलं नसतं. शिवाय पायाच्या राफ्टचं काम पावसाळ्याआधी संपवायचं होतं, भांडणात खड्डा पाण्यानं भरला असता. मी क्लायंटला लिहिलं की मोजून येतं तेवढंच द्या. आले 4,100 घनमीटर."

"हे मसुद्यात का नाही?"

"हे तर रोजचंच काम आहे ना?"

तिथे गाठ सुटली. माझा अनुभव सांगतो की केलेलं काम माणसाच्या आठवणीत टीमच्या नावावर जमा होतं, पण नाकारलेला पर्याय त्याचा स्वतःचाच राहतो. तो का नाकारला हे त्यालाच सांगता येतं. त्यामुळे मी कुणालाही 'तुमचं योगदान लिहा' असं सांगत नाही. आधी नाकारलेले पर्याय लिहायला लावते. ही पद्धत अनेकांच्या बाबतीत लागू पडलेली मी पाहिली आहे.

ताईंनी टॉवरचं वर्णन एका परिच्छेदात आटोपलं. खोदाईचा क्लेम हा मुख्य मुद्दा झाला आणि त्याच्या जोडीला आणखी एकच मुद्दा ठेवला. प्रत्येकात अडचण, पर्याय, नकाराची कारणं, दिलेला सल्ला, आणि आज पुन्हा करायचं झालं तर काय बदलेन, असा क्रम. मोठा प्रकल्प निवडायचा मोह सगळ्यांना होतो, पण पॅनेल तुमचा विचार तपासतं. खोदाईच्या एका क्लेममध्येही तो पुरेसा दिसतो.

मग पुरावे. फाइल्सचा ढीग गोळा करण्यात आठवडे घालवू नका. लिहिलेल्या प्रत्येक निर्णयासमोर एकच कागद शोधा, ज्यात तो निर्णय त्या वेळी तुमच्याच शब्दांत नोंदलेला आहे. ताईंसाठी तो क्लायंटला पाठवलेला ईमेल होता, सोबत लेव्हल्सचं रजिस्टर आणि मोजणीचा तक्ता. हे सगळं पॅनेलला द्यायचं नसतं, पण ते वाचून गेलात की आकडे आणि तारखा चुकत नाहीत. ज्या दाव्यामागे एकही कागद निघत नाही, तो बहुधा दुसऱ्या कुणाचा निर्णय असतो. तो काढून टाका, नाहीतर पुढच्याच प्रश्नाला अडकाल.

क्लायंटची परवानगी लिहायला बसण्याआधी घ्या. ती मिळाली नाही तर नाव आणि ओळख पटवणारे आकडे झाका. गोपनीयतेत चूक झाली तर ती सचोटीची चूक धरली जाते, आणि सचोटी तिसऱ्या पातळीवरच तपासतात.

सराव मुलाखतीत मी त्यांना विचारलं, "नोटीस उशिरा होती, मग क्लायंटचे पैसे का घालवलेत?" आधीच्या ताई इथे 'सीनिअर्सनी ठरवलं' म्हणाल्या असत्या. या वेळी त्यांनी सह्यांच्या लेव्हल्सपासून सुरुवात केली, लवादाचा धोका सांगितला, पावसाळ्यावर आल्या आणि मग म्हणाल्या, "आज असतं तर खडक लागला त्याच आठवड्यात क्लायंटला कळवलं असतं."