एफडी मोडू की कर्ज काढू? त्याआधी एमबीएचा हिशेब

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. बडोद्यात आईबरोबर राहतो. एम. एस. युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल केलं आणि गेली सहा वर्षं मकरपुरा जीआयडीसीतल्या एकाच कंपनीत ट्रान्सफॉर्मर डिझाइनला आहे. पॅकेज ७ लाख, हातात महिना ५० हजार, वाढ वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएला प्रवेश मिळतोय. फी १४ लाख. कॉलेजचं सरासरी पॅकेज १२ लाख आहे. १२ लाख गुणिले ३० वर्षं म्हणजे ३ कोटी ६० लाख, त्यामुळे फायद्याचा प्रश्नच नाही. विचारायचं एवढंच, की आईची १५ लाखांची एफडी मोडू की ११ टक्क्यांनी शैक्षणिक कर्ज काढू? बँकेतले गृहस्थ म्हणतात, कर्ज घ्या, व्याजावर करसवलत मिळते, शिवाय सोबत वर्षाला १ लाखाची युलिप ही विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली योजना घ्या, तिच्यातून कर्ज फिटेल.
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : एफडी की कर्ज, हे शेवटी सांगतो. तुमची खरी चूक ३ कोटी ६० लाखांच्या आकड्यात आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय पैसे कुठून आणायचे याला अर्थ नाही.

एमबीए केलं नाहीत तर तुम्ही घरी बसणार नाही. ८ टक्क्यांनी वाढत तुमचं ७ लाखांचं पॅकेज दोन वर्षांनी ८.२ लाखांवर जाईलच. म्हणजे १२ लाखांची नोकरी लागली तरी एमबीएची कमाई १२ लाख नाही, वरचे ३.८ लाख एवढीच. दुसरं म्हणजे, ३० वर्षांनी हाती पडणारा रुपया आजचा रुपया नव्हे. १० टक्के दराने पाहिलं तर तेव्हाचे १ लाख म्हणजे आजचे जेमतेम ६ हजार. मी १० टक्के धरतो, कारण ही कमाई एफडीसारखी खात्रीची नाही आणि तुमचं कर्जच ११ टक्क्यांचं आहे.

आता दोन्ही बाजू आजच्या किमतीत मांडू. खर्च फक्त १४ लाख नाही. दोन वर्षांत बुडणारा पगार ७ आणि ७.५, म्हणजे १४.५ लाख, फीपेक्षाही जास्त. तो कोणी मागत नाही म्हणून दिसत नाही. पुण्यात राहण्याचा जादा खर्च वर्षाला १ लाख धरा. दुसऱ्या वर्षाची रक्कम आजच्या किमतीत आणली की एकूण खर्च सुमारे २९ लाख.

मिळकतीची बाजू अशी. दोन वर्षांनी सुरू होणारा, ८ टक्क्यांनी वाढणारा आणि साठीपर्यंत टिकणारा वर्षाला १ लाखाचा फरक आज सुमारे १९ लाखांचा होतो. नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही, पण पगार वाढला की वरच्या पैशाला कर लागतोच, म्हणून मी १५ लाखच धरतो. ३.८ गुणिले १५ म्हणजे ५७ लाख. २९ वजा जाता २८ लाखांचा निव्वळ फायदा. चांगला आहे, पण ३ कोटी ६० लाख कुठे आणि २८ लाख कुठे!

आणि हेही १२ लाख खरोखर मिळाले तरच. सरासरी कशी बनते ते पाहा. ६० जणांच्या वर्गात १० जणांना २८ लाख आणि उरलेल्या ५० जणांना ८.८ लाख मिळाले, तरी सरासरी बरोबर १२ येते. तुम्ही त्या ५० जणांत असाल तर वरचा फरक ६० हजारांचा, आजच्या किमतीत ९ लाखांचा. खर्च २९ लाख. म्हणजे २० लाखांचं नुकसान, तेही पदवी घेऊन. तुमच्या बाबतीत सीमारेषा १० लाखांच्या जरा वर पडते. पहिली नोकरी त्याखाली लागली तर हा सौदा तोट्याचा. बावीस वर्षांच्या मुलाचा पगार बुडतो कमी आणि पुढची वर्षं असतात जास्त, म्हणून त्याची रेषा खाली असते. तुमची नाही.

तेव्हा कॉलेजकडे सरासरी मागू नका, मध्यक मागा. सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या विद्यार्थ्याला किती, तो आकडा. वर्गात किती जण होते, किती जणांना प्लेसमेंटमधून वगळलं, १२ लाखांत नक्की पगार किती आणि कामगिरीवर अवलंबून किती, हेही लेखी घ्या. मग गेल्या दोन-तीन बॅचमधले, पाच-सहा वर्षं कारखान्यात काढून आलेले विद्यार्थी लिंक्डइनवर शोधून सात-आठ जणांशी बोला. मध्यक सांगायला कॉलेजने टाळाटाळ केली तर प्रवेश सोडा.

तुमच्या पत्रातलं ‘सहा वर्षं एकाच कंपनीत’ मला फार खटकलं. बडोदा हे ट्रान्सफॉर्मरचं गाव आहे. मकरपुरा, वाघोडिया, सावली या पट्ट्यात तुमचं काम कळणाऱ्या कंपन्या आहेत. सहा वर्षांत बाजारात आपला भाव किती हे तुम्ही विचारलेलंच दिसत नाही. समजा, नोकरी बदलून आज ८.५ लाख मिळाले. दोन वर्षांनी ते ९.९ होतील. मग एमबीएचा फरक २.१ लाखांवर येतो, आजच्या किमतीत ३१-३२ लाख. बुडणारा पगार वाढल्याने खर्चही ३२ लाखांवर जातो. म्हणजे कॉलेजचे १२ लाख खरे धरूनही फायदा शून्य! फी भरण्याआधी चार ठिकाणी मुलाखती द्या. ऑफर हातात आली की वरचा हिशेब तिच्यावर पुन्हा करा.

आता तुमचा प्रश्न. आईची एफडी मोडायची नाही. तिच्या व्याजावर त्या किती अवलंबून आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तेच आधी बघायला हवं होतं. कर्ज काढूनही त्या सुटत नाहीत. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात, आणि तुमच्या घरात तारण म्हणजे आईचं घर किंवा हीच एफडी. अभ्यासक्रम आणि नंतरचे काही महिने हप्ता नसला तरी व्याज चढत राहतं. १४ लाखांचे सुमारे १७ लाख होतात, आणि दहा वर्षांसाठी हप्ता २३ हजारांचा बसतो. ८.८ लाखांच्या नोकरीत हातात येणार ६० हजारांच्या आसपास. घरभाडं देऊन तो कसा भरायचा, ते आजच कागदावर मांडा.

करसवलतीचं म्हणाल तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची सवलत फक्त जुन्या करप्रणालीत लागू होते. १२ लाखांच्या पगारावर नव्या प्रणालीत करच नसताना तुम्ही जुनीत जाणार कशाला? आणि युलिप तर मुळीच नको. पगार बंद असताना वर्षाला १ लाख आणायचे कुठून? आणायचे ते ११ टक्क्यांच्या कर्जातून, टाकायचे पाच वर्षं अडकणाऱ्या आणि खर्च कापून घेणाऱ्या योजनेत, आणि म्हणे तिच्यातून कर्ज फिटेल! हा सल्ला कमिशनसाठी दिलेला आहे. विमा घेतल्याशिवाय कर्ज नाही अशी सक्ती बँकेला करता येत नाही. तसं कोणी म्हणालं तर लेखी मागा.

मध्यक १० लाखांच्या बराच वर निघाला आणि नव्या ऑफरनेही हिशेब बदलला नाही, तर कर्ज घेऊन जा. सोबत कर्जाएवढा साधा टर्म विमा आईच्या नावे नॉमिनेशन करून घ्या, म्हणजे तुमच्या पश्चात कर्ज त्यांच्या घरावर येणार नाही.