इसबगोल, भरपूर पाणी आणि तरी पोट साफ नाही

प्रश्न: रोज रात्री दोन चमचे इसबगोल, दिवसाला चार लिटर पाणी, तरी पोट साफ होत नाही. आता जुलाबाचं सगळ्यात स्ट्राँग औषध कोणतं घेऊ?

स्ट्राँगचं नंतर बघू, आधी पाणी कमी करा. जास्तीचं पाणी आतडं शोषून घेतं आणि लघवीवाटे निघून जातं, मळापर्यंत ते पोचतच नाही. अंगात पाणी खरंच कमी असेल तरच फरक पडतो. इसबगोलाबरोबर मात्र मोठा ग्लासभर हवंच, कारण ते पाण्यावरच फुगतं.

आता इसबगोल. ते मळ मऊ आणि मोठा करतं, बास. खाण्यात फायबर कमी असेल तर मस्त लागू पडतं, पण आतड्याची चालच मंद असेल किंवा मळ गुदद्वाराशीच अडत असेल तर वरून नुसता माल वाढतो, मग गॅस होतो, पोट डब्ब. तीन-चार आठवडे नीट घेऊनही काही नाही तर डोस वाढवत बसू नका.

मी पोटविकारांच्या ओपीडीत बसतो. मागे एक पस्तिशीतल्या बाई आल्या, सगळी औषधं करून झालेली. विचारलं तर मळ मऊच, पण अर्धा अर्धा तास कुंथायचं, कधी बोटाने काढायचं. तपासताना म्हटलं जोर लावा, तर गुदाचा स्नायू सैल पडायच्या ऐवजी उलट आवळला गेला! मग 50 मिलि पाणी भरलेला छोटा फुगा आत ठेवून बाहेर काढायला सांगितलं. साधारण मिनिटभरात निघायला हवा, यांचा तीन मिनिटांतही नाही. अशाला औषधाचा उपयोग थोडाच, बायोफीडबॅकने, म्हणजे स्नायूची हालचाल यंत्रावर बघत बघत, तो सोडायला शिकवावं लागतं, त्यांना त्यानेच फरक पडला.

तुमचा मळ खड्यासारखा आणि तीन-चार दिवसांनी होत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा मी आधी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतो, 17 ग्रॅम ग्लासभर पाण्यात, रोज. ती पाणी आतड्यातच धरून ठेवते. एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी फेल म्हणून सोडू नका. लॅक्ट्युलोजचं काम तसंच, पण गॅस जास्त. एवढ्याने नाही भागलं तर रात्री बिसाकोडिल किंवा सेना, ही आतड्याला ढकलतात, 6 ते 12 तासांत असर, कधी मुरडा येतो. नेहमीच्या डोसला यांनी आतडं कायमचं आळशी होतं हे काही सिद्ध झालेलं नाही, ही भीती उगाच पसरलीय. किडनीचा त्रास असेल तर मॅग्नेशियमवाली औषधं मात्र स्वतःहून घेऊ नका.

आणि हो, लोह, कॅल्शियम, कोडीन-ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, बीपीची व्हेरापामिल, यातलं पोट अडवणारं काही चालू आहे का? थायरॉइड बघितलाय? रक्त पडतंय, वजन उतरतंय किंवा पन्नाशीनंतर हे नव्याने सुरू झालंय असं असेल तर थेट डॉक्टर गाठा. नाहीतर मळ मऊ असतो की खडे, आणि कुंथावं किती लागतं, तेवढं खाली लिहा.