आर्टिकलशिपच्या ओळींत नेमके काय लिहावे?

प्रश्न : सर, मी सांगलीतील एका लहान सीए फर्ममध्ये २०२२ ते २०२५ अशी तीन वर्षांची आर्टिकलशिप पूर्ण केली आणि आता सीए झालो आहे. पुण्यातील फर्ममध्ये ऑडिट असोसिएट पदासाठी अर्ज केले, पण मुलाखतीला बोलावणे येत नाही. रेझ्युमेत मी ‘स्टॅट्युटरी ऑडिट, टॅक्स ऑडिट, बँक ऑडिट व जीएसटी ऑडिट हाताळले, एएस आणि इंड एएसचे उत्तम ज्ञान’ असे लिहिले आहे. लहान फर्ममुळे मागे पडतो आहे का?

उत्तर : फर्म लहान असणे ही अडचण आहेच, पण तुमच्या रेझ्युमेतील त्या दोन ओळी तिच्याहून मोठी अडचण आहेत. त्या वाचून तुम्ही कोणत्या प्रकारच्या संस्थेत, कोणत्या खात्यावर आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले, याचा काहीच अंदाज येत नाही.

आधी ‘जीएसटी ऑडिट’ हे शब्द काढा. सीएने जीएसटीचे ऑडिट करून प्रमाणित करण्याची सक्ती २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून संपली आणि जीएसटीआर-९सी करदाता स्वतःच प्रमाणित करू लागला. २०२२ मध्ये आर्टिकलशिप सुरू केलेल्या उमेदवाराने जीएसटी ऑडिट केले म्हटले, की जाणकाराला तिथेच शंका येते. प्रत्यक्षात तुम्ही हिशेबवह्यांतील उलाढाल आणि विवरणपत्रांतील उलाढाल यांचा मेळ घातला असेल. तसे असल्यास तेच लिहा. बँकेच्या बाबतीतही शाखेचे वैधानिक ऑडिट आणि कॉन्करंट ऑडिट ही वेगवेगळी कामे आहेत. शाखेच्या ऑडिटमध्ये थकीत कर्जांचे वर्गीकरण तपासले असेल, तर तो उल्लेख नुसत्या ‘बँक ऑडिट’पेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो.

त्यानंतर सर्वांत चांगली दोन किंवा तीन ऑडिट निवडा आणि प्रत्येकाखाली उद्योग, उलाढालीचा अंदाजे टप्पा, लागू असलेली लेखामानके आणि तुमच्याकडे असलेली खाती लिहा. समजा, तुम्ही सुमारे ४० कोटी उलाढालीच्या एका फाउंड्रीच्या ऑडिटमध्ये विक्री आणि साठा पाहिला. मार्चअखेरच्या बिलांचा कट-ऑफ तपासताना १८ लाखांचे कास्टिंग ३१ मार्चला बिल करून रवाना झालेले दिसले. करारानुसार ग्राहकाच्या दारापर्यंत माल पोहोचवण्याची जोखीम कंपनीची होती आणि ग्राहकाची पोहोच २ एप्रिलची निघाली. एएस ९ प्रमाणे मालकीची जोखीम व लाभ ३१ मार्चला हस्तांतरित झालेच नव्हते. म्हणून विक्री आणि येणे दोन्ही १८ लाखांनी कमी करावे लागतात आणि त्या मालाची किंमत, समजा १४ लाख, वाटेतील साठा म्हणून धरावी लागते. करपूर्व नफा ४ लाखांनी घटतो. रेझ्युमेत यासाठी एकच वाक्य पुरेल : ‘विक्रीचा कट-ऑफ तपासला, मालाची पोहोच पुढील वर्षातील असल्याने एएस ९ नुसार विक्री व साठ्यात दुरुस्ती सुचवली.’ मुलाखत घेणारा बहुतेक वेळा अशाच वाक्यावर बोट ठेवून प्रश्न विचारतो. बिल, एलआर आणि पोहोच यांतील कोणता कागद निर्णायक ठरला, हे तुम्ही सांगू शकलात की काम तुम्हीच केले, हे त्याला पटते. अर्थात, तुमच्या कामातील खरा प्रसंगच लिहा. वरचे उदाहरण उचलून चालणार नाही.

आता इंड एएस. ही मानके सूचीबद्ध कंपन्यांना आणि २५० कोटी किंवा त्याहून अधिक नक्त मत्ता असलेल्या कंपन्यांना, तसेच त्यांच्या समूहातील कंपन्यांना लागू होतात. तुमच्या फर्मकडे अशी कंपनी नसेल, तर तुम्ही ती परीक्षेसाठी अभ्यासली आहेत, वापरलेली नाहीत. हे दोन स्तर रेझ्युमेत वेगळे ठेवा : ‘एएस २, ९, १० व २९ ऑडिटमध्ये वापरली; इंड एएस ११५ व ११६ अभ्यासापुरती.’ असे लिहिणाऱ्याला कमी लेखतील, ही भीती मला फारशी खरी वाटत नाही. उलट ‘उत्तम ज्ञान’ असा दावा केलेल्या उमेदवाराला भाडेपट्ट्याची देयता कोणत्या दराने मोजली, असे विचारले की पंचाईत होते. तुम्ही मात्र फाउंड्रीसारखा एखादा व्यवहार घेऊन एएस ९ मध्ये जोखीम व लाभ पाहतात, तर इंड एएस ११५ मध्ये मालावरील नियंत्रण ग्राहकाकडे कधी गेले हे पाहतात, एवढे मांडण्याची तयारी ठेवा. निकाल अनेकदा तोच येतो, पण वाट वेगळी असते.

लहान फर्मचा एक फायदा तुम्ही लिहिलेलाच नाही. मोठ्या फर्ममध्ये आर्टिकलला अनेकदा एकाच मोठ्या कंपनीचे एखादे खाते मिळते. तुम्ही नियोजनापासून अहवालाच्या मसुद्यापर्यंत एखादे ऑडिट पाहिले असेल, तर ते पहिल्या पानावर यायला हवे. मात्र कोठेही अशिलाचे नाव देऊ नका. गोपनीयतेचे बंधन आर्टिकलशिप संपल्यावरही राहते. ‘कोल्हापूर भागातील फाउंड्री’ एवढा उल्लेखही ओळख पटवणारा असेल, तर नुसते ‘अभियांत्रिकी उत्पादक कंपनी’ असे लिहा.