काळा कुर्ता राखाडी का दिसतो: बोअरचे पाणी, गोळे आणि सुरकुत्या

प्रश्न: मी लातूरला राहते, घरी बोअरचे पाणी आहे. चांगल्या दुकानातून घेतलेला काळा सुती कुर्ता चार महिन्यांतच राखाडी दिसू लागला, ऑफिसच्या पँटला मांडीजवळ गोळे आले आणि सुती कपड्यांच्या सुरकुत्या इस्त्री करूनही धड जात नाहीत. काय करावे?

उत्तर:

परभणीत माझे धुलाई-इस्त्रीचे दुकान आहे आणि असे काळे कुर्ते आमच्याकडे नेहमी येतात. ‘रंग उतरला’ असे सांगून गिऱ्हाईक ते पुढे सरकवते, परंतु नीट पाहिल्यास बऱ्याचदा रंग बराचसा जागेवरच असतो आणि त्याच्यावर क्षारांचा थर बसलेला असतो किंवा सुताची बारीक लव उभी राहिलेली असते. म्हणून उपायाच्या आधी नेमके काय झाले आहे ते ओळखावे.

कुर्ता उलटा करून बाजूच्या शिवणीत शिंप्याने सोडलेली माया पाहावी. तिला प्रत्येक धुण्याचे पाणी लागते, पण ऊन आणि घासणे फारसे लागत नाही. माया काळीभोर आणि खांदे फिके असतील, किंवा वलणीवर जिथे घडी पडते तिथे फिका पट्टा दिसत असेल, तर तो उन्हाचा परिणाम समजावा. तो रंग परत येत नाही. फिकेपणा कोपर, मांडी आणि खिशाच्या कडांपुरता असेल, तर मोबाइलची बॅटरी कापडाला समांतर धरून तिरका उजेड टाकावा. लव लगेच चमकताना दिसते, आणि तिच्यावर उजेड विखुरल्यामुळेच काळा रंग पांढुरका भासतो.

माया आणि बाहेरची बाजू दोन्ही सारख्याच राखाडी असतील, तर मात्र पाण्याचा संशय घ्यावा. आपल्याकडील काळ्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. साबणाच्या वडीशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट मळ तयार होतो आणि तो कापडातच अडकतो. पावडरीतील सोडासुद्धा पाण्यातले कॅल्शियम चुन्याच्या बारीक कणांच्या रूपात बाहेर काढतो आणि ते कण सुतात बसतात. पांढऱ्या कपड्यावर हे पटकन कळत नाही, काळ्यावर लपत नाही.

याची खात्री करण्यासाठी चार-पाच लिटर पाण्यात एक कप, म्हणजे सुमारे 200 मिलिलिटर, पांढरे व्हिनेगर घालावे आणि कुर्त्याच्या घेराचे एक टोक त्यात पंधरा मिनिटे बुडवून ठेवावे. बादलीभर पाणी घेऊ नये, कारण बोअरच्या पाण्यातले क्षारच बरेचसे व्हिनेगर खाऊन टाकतात आणि कापडासाठी फारसे काही उरत नाही. टोक साध्या पाण्यात खंगाळून सावलीत पूर्ण वाळवावे आणि मगच उरलेल्या कापडाशी ताडून पाहावे. ओले कापड गडदच दिसते, त्यावरून निष्कर्ष काढू नये. टोक काळे झाले असेल, तर सगळा कुर्ता तशाच पाण्यात भिजवून नीट खंगाळावा. काहीच फरक पडला नाही, तर रंग खरोखर निघून गेला आहे आणि पुन्हा रंगवून घेण्याशिवाय दुसरा इलाज नाही. व्हिनेगर कधीही ब्लीचसोबत वापरू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. जरीच्या कपड्यांनाही ते लावू नये.

थर पुन्हा बसू नये यासाठी गडद कपड्यांना वडी आणि पावडर बंद करून पातळ डिटर्जंट वापरावे. पुष्कळशा पावडरींमध्ये पांढरेपणा चमकवणारे द्रव्य असते, ते काळ्या कपड्याच्या काही कामाचे नाही. लातूरला मांजरा धरणाचे पाणी नळाला ज्या दिवशी येईल, त्या दिवशी गडद धुणे काढावे. तेवढे जमत नसेल, तर निदान शेवटचे खंगाळणे त्या साठवलेल्या पाण्यात करावे. नवा कपडा मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवून रंग पक्का करण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, पण आजच्या बाजारातील रंगांवर तिचा टिकाऊ उपयोग होत नाही. त्यापेक्षा कपडा उलटा करून धुणे आणि उलटाच सावलीत वाळवणे अधिक कामाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपली हवा इतकी कोरडी असते की सुती कुर्ता सावलीतही पाहता पाहता वाळतो. तो दिवसभर गच्चीवर तापत ठेवण्याला काहीच अर्थ नाही.

आता पँट. तिच्या आतल्या पट्टीवर बहुधा पॉलिस्टर-व्हिस्कोस असे लिहिलेले असेल. घासण्याने आखूड तंतू बाहेर येतात आणि एकमेकांत गुरफटून त्यांचे गोळे होतात. निव्वळ सुती कापडाचा तंतू कच्चा असल्यामुळे बरेचसे गोळे आपोआप गळून पडतात. मिश्र कापडात पॉलिस्टरचा तंतू तुटत नाही आणि गोळ्याला धरून ठेवतो. म्हणून गोळे नखांनी ओढू नयेत, कारण प्रत्येक ओढीबरोबर आतला आणखी तंतू वर येतो. पँट टेबलावर ताणून सपाट पसरावी, शिवणी आणि खिसे टाळावेत आणि लिंट रिमूव्हरचे यंत्र दाब न देता हलके गोल फिरवावे. दाबले तर कापडाला भोक पडते. गोळे पुन्हा कमी यावेत म्हणून ती पँट उलटी करून, टॉवेल आणि जीन्सपासून वेगळी, मशीनच्या हलक्या फेऱ्यात धुवावी आणि ब्रशने घासू नये. मात्र मांडीजवळचे घासणे चालण्यातूनच होते, त्यामुळे गोळे पूर्णपणे थांबतील अशी अपेक्षा ठेवू नये. तीच पँट रोज न घालता दोन-तीन पँटी आलटून पालटून वापरल्या, तर गोळे उशिरा येतात.

सुरकुत्यांचे कारण सोपे आहे. पाण्याने सुताच्या तंतूंची आपसातली पकड ढिली होते आणि कापड वाळताना ज्या आकारात असेल, त्याच आकारात ती पुन्हा घट्ट होते. म्हणून मशीन थांबताच कपडे बाहेर काढावेत, दोन्ही हातांनी जोरात झटकावेत आणि खांद्याला नीट बसणाऱ्या हँगरवर लावावेत. इस्त्री कापड किंचित दमट असतानाच करावी. आपल्या उन्हाळ्यात कपडे पापडासारखे कडक वाळतात आणि त्यांच्यावर गरम इस्त्री कितीही फिरवली तरी चुणी हटत नाही. अशा वेळी पाणी शिंपडून कपडा गुंडाळून अर्धा तास ठेवावा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. शिंपडण्यासाठी आणि वाफेच्या इस्त्रीसाठी पिण्याचे आरओचे पाणी घ्यावे. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके गडद कापडावर उमटतात आणि इस्त्रीची छिद्रेही बुजतात.

इस्त्रीच्या चाकावरील तीन ठिपके सुती आणि लिननसाठी, दोन लोकरीसाठी आणि एक पॉलिस्टरसाठी असतो. मिश्र कापडाला त्यातल्या नाजूक तंतूचे तापमान लावावे. तुमची पँट उलट्या बाजूने किंवा वर ओलसर मलमल टाकून इस्त्री करावी, नाहीतर गुडघ्यावर आणि बसण्याच्या जागी तेलकट दिसणारी चकाकी येते आणि ती सहसा जात नाही. पैठणी किंवा हिमरू शालीवर यातले काहीच घरी करून पाहू नये, त्या ड्रायक्लीनलाच द्याव्यात. आणि इस्त्री झाल्याबरोबर कपडा अंगावर घालू नये किंवा कपाटात कोंबू नये. दहा मिनिटे हँगरवर गार होऊ द्यावा, कारण गरम आणि दमट कापड नवी चुणी तितक्याच सहज धरते.