हळद आणि संगीत एकाच संध्याकाळी, माणसं पन्नास, खाणं उभ्यानेच: मेन्यू काय ठेवावा?

प्रश्न: मे महिन्यात ठाण्यात बहिणीची हळद आणि लगेच संगीत आहे, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, साधारण साडेचार ते दहा. पन्नास माणसं. जेवणाची टेबलं मांडायला जागा नाही, दहा-बारा खुर्च्याच असतील. पंगत किंवा बुफे जेवण नको, स्नॅक्स आणि सरबतांवरच भागवायचं आहे. नेमकं काय आणि किती ठेवावं?

उत्तर:

मी ठाण्यात घरगुती फराळाच्या आणि छोट्या समारंभांच्या ऑर्डरी घेते. उभ्याने खायच्या कार्यक्रमाला माझी एकच कसोटी असते: पाहुण्याच्या एका हातात ग्लास किंवा मोबाइल असणार, म्हणजे खायला एकच हात. त्या एका हाताने उचलून दोन घासांत संपेल, गळणार नाही आणि मोडायला दुसरा हात लागणार नाही, तोच पदार्थ ठेवायचा. या कसोटीत इडली-सांबार, दहीवडा, पाकातले गुलाबजाम आणि मोठे समोसे बाद होतात. पावभाजी तर पहिल्याच फेरीत बाद, कोणाच्या तरी पैठणीवर ती सांडणारच.

सगळ्यात आधी दोन चौकशा करा. पहिली म्हणजे त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी आहे का. असेल तर उपासवाल्यांसाठी साबुदाणा वडे वाढवावे लागतील. दुसरी मुलाकडच्यांची. ते आगरी किंवा कोळी असतील तर त्यांच्याकडे बहुतेक वेळा हळद म्हणजे मटण-भाकरीचं पोटभर जेवण असतं आणि माणसं त्याच तयारीने येतात. त्यांना ढोकळ्याचे तुकडे दिलेत तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. तसं असेल तर त्यांच्याशी आधी मोकळेपणाने बोला. खाली लिहिते तो मेन्यू शाकाहारी, सगळ्यांना चालेल असा धरलाय.

हळद आणि संगीत एका संध्याकाळी असले तरी खाण्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे कार्यक्रम आहेत. हळदीत प्रत्येकाचे हात पिवळे आणि ओले असतात. त्या वेळी बोटांनी उचलायचं काहीही ठेवलंत तर अर्धं खाणं हळदीचं होतं. म्हणून साडेचार ते सहा फक्त टूथपिकवरचे पदार्थ ठेवा. माणशी दोन ढोकळ्याचे छोटे चौकोन, दोन मिनी इडल्या तूप आणि चटणीपुडीत घोळवून, आणि कलिंगडाचे गार तुकडे. ढोकळ्यावर फोडणीचं पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, नाहीतर तो टूथपिकवरून फुटून खाली पडतो. मुलाकडे गुजराती किंवा जैन पाहुणे असतील तर ढोकळ्यात आलं आणि फोडणीत, चटणीपुडीत लसूण टाळा, म्हणजे त्यांचंही इथेच भागतं.

हात धुण्याची सोय खाण्याइतकीच महत्त्वाची आहे. हळदीवर थेट साबण लावला की ती लाल पडते आणि चिवटपणे तशीच राहते. बेसिनपाशी एका वाटीत खोबरेल तेल आणि एका वाटीत बेसन ठेवा. आधी तेल चोळायचं, मग बेसन, शेवटी साबण. डाग पूर्ण जात नाही, पण संगीताच्या कपड्यांना लागणार नाही इतपत तरी जातो.

संगीताचं खाणं पोट भरण्यासाठी आहे, त्यामुळे तिथे गरम पदार्थ हवेत. माझी निवड कोथिंबीर वडी आणि मिनी वडापाव. कोथिंबीर वडी माणशी तीन धरा, म्हणजे दीडशे. त्यासाठी निवडून चिरलेली कोथिंबीर सव्वा किलो, बेसन सव्वा किलो आणि तांदळाचं पीठ पाव किलो लागेल. उंडे सकाळी वाफवायचे आणि पूर्ण गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवायचे. वड्या मात्र तळायच्या तासभर आधीच कापायच्या, अर्ध्या बोटाच्या जाडीच्या. उंडा गरम असताना कापला तर कडेचा चुरा होतो आणि तोच चुरा तेलात सुटून पुढची सगळी तळण काळी पडते. आचाऱ्याने आणलेल्या वड्या आधीच तळलेल्या आहेत का, हे एक वडी मोडून कळतं. ताजीची कड मोडताना आवाज होतो, दुपारी तळून झाकलेली चामड्यासारखी वाकते.

तळण तीसतीसचीच काढा, दर पंधरा-वीस मिनिटांनी एक. सगळं एकदम तळून डब्यात भरलं की आतली वाफ बाहेर पडत नाही आणि कुरकुरीतपणा जातो. तळलेलं जाळीवर, उघडं ठेवा. वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई तेलात उतरते.

वडापाव माणशी दोन, म्हणजे शंभर. पाव अगदी छोटा, लिंबाएवढ्या वड्याला बसेल असा, बेकरीत दोन दिवस आधी सांगून करून घ्यावा लागतो. चटणी पावाच्या आतच लावून द्या, कोरडी लसणाची आणि थोडी हिरवी. बाजूला चटणीची वाटी ठेवलीत की माणसाला पुन्हा दोन हात लागतात. हिरवी चटणी कोथिंबीर, पुदिना आणि लिंबाची करा, नारळ नको. मे महिन्यात ओल्या नारळाची चटणी बाहेर दोन-तीन तासांत आंबूस वास मारायला लागते.

पाणीपुरीचा काउंटर ठेवूया, असं घरातलं कोणीतरी नक्की म्हणेल. सरळ हिशेब सांगते. एक माणूस एका पाहुण्याला सहा पुऱ्या द्यायला दोन मिनिटं घेतो. पन्नास जणांना शंभर मिनिटं झाली. तुमचं संगीत तीन तासांचं, त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ रांग नाचाच्या जागेत उभी राहणार. शेवपुरी आधीच मांडून ठेवली तर दहा मिनिटांत मऊ पडते. त्याऐवजी सुकी भेळ कागदी कोनात द्या. कुरमुरे, शेव, मसाला डाळ, कैरीचे बारीक तुकडे आणि कांदा दहा-दहा कोनांपुरतेच कालवायचे. कोन तोंडाला लावून खाता येतो, त्यामुळे चमचाही लागत नाही.

साडेआठच्या सुमारास वाटीतून मसालेभात फिरवा, सोबत लाकडी चमचा. तीन किलो तांदूळ पुरतो, भाज्या धरून माणशी भरपूर वाटी होते. हा एकच पदार्थ माझ्या कसोटीत बसत नाही, पण भात खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही अशी आपली माणसं. खुर्च्या तेव्हा ज्येष्ठांसाठी रिकाम्या करवून घ्या. गोडाला आम्रखंड, छोट्या कपात पन्नास-पन्नास ग्रॅम, म्हणजे अडीच किलो. ते वाटेपर्यंत फ्रिजमध्येच राहू द्या.

आता पिण्याचं. मे महिन्यात पहिल्या तासात माणूस दोन ग्लास पितो आणि नंतर तासाला जेमतेम एक. त्यातले काही ग्लास साध्या पाण्याचे असतात, म्हणून दीडशे मिलिचा ग्लास धरला तर सरबतांचे दोनशे ग्लास, म्हणजे तीस लिटर पुरतात. हळदीला नऊ लिटर कोकम सरबत ठेवा. कोकमाचे डाग सहज जात नाहीत, पण हळदीचे कपडे तसेही खराब होणारच असतात. साडेसातशे मिलिच्या गोड कोकम सिरपच्या दोन बाटल्या आणि सिरपच्या पाचपट पाणी, एवढ्यात साठ ग्लास होतात. बाटली घेताना आगळ उचलू नका, ते खारट असतं आणि सोलकढीला लागतं.

संगीताला बारा लिटर पन्हं आणि नऊ लिटर ताक. पन्ह्याला साडेतीन किलो कैऱ्या उकडून साधारण सव्वादोन किलो गर निघतो, त्याला तेवढाच गूळ, कैरी फार आंबट असेल तर थोडा जास्त, वर वेलची आणि चिमूटभर मीठ. हा अर्क आदल्या दिवशी करून ठेवता येतो, पाणी तिथे जाऊन घालायचं. कैऱ्या जांभळी नाक्याच्या बाजारात घेतल्यात तर टणक, पांढऱ्या गराच्या मागा. आत पिवळसर झालेल्या असल्या की पन्हं मिळमिळीत होतं. ताकाला तीन लिटर दही आणि सहा लिटर पाणी, आलं, मिरची, जिरेपूड. मधुमेहवाल्यांसाठी हेच बरं. पाण्याचे वीस लिटरचे तीन जार वेगळे.

बर्फ पंधरा-वीस किलो लागेल, तो खाण्याचाच मागवा. मासे आणि माल गार ठेवायचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. त्याला ओळखीसाठी निळा रंग घालण्याचा नियम आहे, पण सगळेच पाळतात असं समजू नका. जार आणि बाटल्या बर्फात ठेवून गार करा, ग्लासात कमी घाला. नाहीतर शेवटच्या तासात पन्हं निव्वळ पाणी लागतं. सरबतांचं टेबल खाण्याच्या विरुद्ध टोकाला लावा, म्हणजे गर्दी आपोआप दोन ठिकाणी विभागते.

ताटल्या सुपारीच्या पानाच्या, सहा इंची, कडा वर आलेल्या घ्या. ग्लास कागदी. प्लॅस्टिकच्या ताटल्या, ग्लास आणि चमच्यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्रात तर 2018 पासूनच. तरी दुकानदार मागच्या कप्प्यातून काढून देतात. ग्लास दोनशे लागणार असतील तर तीनशे आणा, लोक नाचायला जाताना ग्लास कुठेतरी ठेवतात आणि परत येऊन नवा घेतात. कचऱ्याचे डबे निदान तीन ठेवा, त्यातला एक नाचाच्या जागेजवळ.

शेवटची गोष्ट सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच विचारा: क्लब हाउसमध्ये गॅस सिलिंडर चालतो का? बऱ्याच ठिकाणी चालत नाही. मग तळण इंडक्शनवर करावं लागतं. दोन हजार वॉटची शेगडी एकटीच नऊ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणून तिला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट द्या. डीजेच्या लाइनवर लावलीत तर नेमकी मामा-मामीच्या नाचात लाइट जाईल. तळण अजिबातच चालत नसेल तर कोथिंबीर वडीऐवजी सुरळीच्या वड्या घ्या, वडापावाऐवजी बीट-बटाट्याच्या कटलेटचे छोटे पाव. दोन्ही गार झाल्यावरही चांगले लागतात.

आणि लाउडस्पीकर दहाला बंद करावा लागतो, तेव्हा मसालेभात साडेआठचा नऊवर गेला तरी चालेल, पण साडेनऊवर जाऊ देऊ नका. गाणी थांबली की लोक चपला शोधायला लागतात, वाटी हातात घ्यायला कोणी थांबत नाही.