मराठी शोधनिबंध इंग्लिश जर्नलच्या साच्यात कसा बसवायचा?

प्रश्न: माझा वर्णनात्मक मराठी शोधनिबंध इंग्लिश जर्नलला पाठवायचाय. इंट्रोडक्शन, मेथड्स, फाइंडिंग्ज, डिस्कशन असं कसं करू? नुसतं भाषांतर चालेल का?

नाही चालणार. आमच्या विभागातले एक सर मला नेमकं हेच सांगत होते, भाषांतर करून टाक, बाकी जर्नलवाले बघतील म्हणून. जर्नलवाले काही बघत नाहीत, परत पाठवतात.

माझा निबंध कर्जत भागातल्या रानभाज्यांवर होता. त्यातलं एक वाक्य बघा: "पहिल्या पावसात ठाकर बायका शेवळं आणतात, घशाला खाजू नये म्हणून काकडं घालून शिजवतात, पण हल्लीच्या मुली हे विसरत चालल्यात." मराठीत एकदम छान वाटतं, पण यात चार वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत. कधी आणतात, काय घालून शिजवतात हे फाइंडिंग्ज. हे मला कोणी सांगितलं, किती जणींशी बोलले, कुठल्या पाड्यांवर, त्या कशा निवडल्या, शेवळाचा नमुना वाळवून हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ओळख पटवून घेतली का, हे सगळं मेथड्स, आणि मूळ निबंधात ह्यातलं एक अक्षर नव्हतं, सगळं डायरीत पडलेलं. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक स्फटिकांमुळे येते आणि काकडाच्या फळांच्या आंबटपणाने ती कमी होत असावी हे डिस्कशन, तेही आधीच्या अभ्यासांचा आधार देऊन. आणि "मुली विसरत चालल्यात"? ते तरुण आणि म्हाताऱ्या दोघींना एकच प्रश्न विचारला असेल तरच फाइंडिंग, नाहीतर सरळ काढून टाका. मी विचारला होता, म्हणून वयोगटाप्रमाणे टेबल करून ठेवलं.

तर रंगीत पेनं घ्या आणि निबंधातलं प्रत्येक वाक्य असं फोडा. लिहायला सुरुवात मेथड्सपासून करा, इंट्रोडक्शन सगळ्यात शेवटी. आपल्याकडे प्रस्तावनेत निसर्ग, संस्कृती, परंपरा असं पानभर येतं, ते सगळं उडवा, आधी कोणी काय केलंय, काय राहिलंय आणि तुमचा प्रश्न काय एवढंच ठेवा. प्रश्न एका वाक्यात येत नसेल तर अजून पेपर झालेला नाही.

सरांचं दुसरं म्हणणं होतं की मराठी निबंध म्हणजे संशोधनच नव्हे. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही नाही. माझ्या इंग्लिश पेपरातली सगळी माहिती मराठी निबंधातली आणि त्याच डायरीतली आहे, नवीन फील्डवर्क शून्य.

हां, तुमचा विषय साहित्य समीक्षा किंवा इतिहास असेल तर हा साचा बहुतेक लागणारच नाही, आधी त्या जर्नलचे जुने अंक चाळा. माणसांशी बोलून माहिती घेतली असेल तर संमती आणि एथिक्स कमिटीचं विचारतील, ती परवानगी मागाहून मिळत नाही. आणि मराठी निबंध आधी छापून आला असेल तर कव्हर लेटरमध्ये संपादकांना स्पष्ट सांगा, लपवलंत आणि नंतर कळलं तर छापलेला पेपरसुद्धा मागे घेतात.