सीआरआरचं उत्तर लिहिताना

परीक्षेत सीआरआर कपात आणि रेपो कपात यांतला फरक विचारला, तर सीआरआर, म्हणजे रोख राखीव प्रमाण, हा ठेवींचा हिस्सा, एवढं लिहून थांबू नकोस. टक्केवारी लागते ती निव्वळ मागणी व मुदत दायित्वांवर, म्हणजे ढोबळमानाने बँकेच्या देण्यांवर, आणि रक्कम रिझर्व्ह बँकेकडे रोख राहते, बिनव्याजी. इथेच एसएलआरशी, म्हणजे वैधानिक तरलता प्रमाणाशी, गल्लत होते. तो बँक स्वतःकडे सोनं, सरकारी रोखे अशा रूपात ठेवते.

एक उदाहरण पक्कं कर. आंब्याचे पैसे जमा झाल्यावर रत्नागिरीतल्या एका बँकेची दायित्वं 1000 कोटी आहेत असं धर. 4 टक्क्यांनी 40 कोटी अडकतात. 2025 मध्ये हा दर चार टप्प्यांत 3 टक्क्यांवर आला, म्हणजे 30 कोटी. मोकळे झालेले 10 कोटी बँक कर्जाऊ देऊ शकते.

रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर. रेपो कपात मात्र एक रुपयाही मोकळा करत नाही. ती उसन्या पैशाची किंमत उतरवते. प्रमाण आणि किंमत हा फरक पहिल्याच वाक्यात आला पाहिजे.

‘10 कोटींतून लगेच 10 कोटींची कर्जं वाढतात’ असं ठामपणे लिहिलंस तर गुण जातील. मच्छीमाराने नव्या होडीसाठी कर्ज मागितलंच नाही, तर पैसा बँकेतच पडून राहतो.